गृहकर्जाच्या अर्जाआधी हप्त्यांचा हिशेब

गृहकर्ज किती मिळेल, याचा अंदाज बँकेत जाण्याआधी घरीच काढता येतो. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंतच असावेत, असे अनेक बँका पाहतात. या प्रमाणाला ‘एफओआयआर’ म्हणतात.

समजा, पगार ६०,००० रुपये आहे. त्याचे निम्मे ३०,०००. त्यातून गाडीचा ८,००० रुपयांचा हप्ता वजा केला की २२,००० उरतात. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळेल सुमारे २५ लाख. गाडीचे कर्ज नसते, तर हाच आकडा साडेचौतीस लाखांवर गेला असता. तेव्हा गाडीचे थोडेच हप्ते उरले असतील, तर आधी ते फेडा आणि मगच अर्ज करा.