दहा नोंदींचा हिशेब

औषध कंपनीच्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेत मी 2004 साली रुजू झालो, तेव्हा पहिलं काम हाती आलं ते बॅलन्सच्या लॉगबुकाचं. आता मागे वळून ती लॉगबुकं चाळताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या चाचण्यांवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला, त्यांनी छोट्या वजनाबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं. जी चाचणी आम्ही सहा महिन्यांतून एकदा उरकत होतो, तिच्यात मात्र सगळं होतं.

सुरुवातीच्या वर्षांतला आमचा शिरस्ता असा. रोज सकाळी कॉर्नर टेस्ट, म्हणजे 100 ग्रॅमचं वजन आधी पॅनच्या मध्यावर आणि मग चार बाजूंना ठेवून मध्याच्या वाचनाशी फरक बघायचा. महिन्यातून एकदा लिनिॲरिटी, म्हणजे 50, 100, 150 आणि 200 ग्रॅम अशी वजनं चढवत नेऊन बॅलन्सचं वाचन सरळ रेषेत वाढतं का, हे तपासायचं. रिपीटेबिलिटी, म्हणजे एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवून आकडा किती विखुरतो ते बघणं, सहा महिन्यांनी. पाच आकडी बॅलन्स शेवटचा 0.01 मिलिग्रॅमचा अंक दाखवतो, तेव्हा 20 मिलिग्रॅम तोलायला अडचण कसली, अशी आमची समजूत होती. पडद्यावर आकडा दिसतो म्हणून तो खरा आहे, असं मानण्याची ही चूक होती.

आमचा माल अमेरिकेत जात असल्यामुळे तिथल्या औषधकोशाचं, यूएसपीचं, 41 क्रमांकाचं प्रकरण आम्हाला लागू होतं. जुन्या पाठात नियम असा होता की दहा नोंदींच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची तिप्पट ही तोललेल्या वजनाच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त नसावी. 1 डिसेंबर 2013 पासून सुधारित पाठ लागू झाला. तिपटीऐवजी दुप्पट आली, सहनमर्यादा 0.10 टक्के राहिली. म्हणजे किमान वजन काढण्याचा हिशेब अगदी सोपा झाला: स्टँडर्ड डेव्हिएशनला 2000 ने गुणायचं.

त्याच सुधारणेत आणखी एक बारकावा आला. समजा, दहाही वेळा आकडा अगदी सारखाच आला. मग विखुरणं शून्य आणि किमान वजनही शून्य! हे उघडच चुकीचं आहे, कारण बॅलन्स आकडा गोल करून दाखवतो आणि त्या गोल करण्यात लहान फरक लपतात. एका वाचनातली ही अनिश्चितता शेवटच्या अंकाच्या सुमारे 0.29 पट असते. वजनासाठी दोन वाचनं लागतात, एक रिकाम्या पॅनचं आणि एक भरलेल्याचं, म्हणून दोन्ही मिळून 0.41 पट. प्रत्यक्ष विखुरणं याहून कमी निघालं, तर त्याऐवजी हाच आकडा धरायचा. 0.01 मिलिग्रॅमच्या बॅलन्ससाठी म्हणून किमान वजन कधीच 8.2 मिलिग्रॅमच्या खाली जात नाही, आणि 0.1 मिलिग्रॅमच्या बॅलन्ससाठी 82 च्या खाली जात नाही.

आमची खरी परीक्षा 2014 मध्ये झाली. एका अशुद्धीचं मानक 20 मिलिग्रॅम तोलून 50 मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्यायचं होतं. नव्या नियमाने 200 मिलिग्रॅमचं वजन दहा वेळा ठेवलं. वाचनं 200.01 पासून 200.06 पर्यंत पसरली. स्टँडर्ड डेव्हिएशन 0.017 मिलिग्रॅम, म्हणजे किमान वजन 34 मिलिग्रॅम. त्या बॅलन्सची कॉर्नर टेस्ट आणि लिनिॲरिटी तर वर्षभर बिनचूक पास होत होती. इतकी वर्षं आम्ही 20 मिलिग्रॅम तोलत आलो होतो, ते सहनमर्यादेच्या बाहेरचं होतं.

कारण शोधायला आमच्या एका सहकाऱ्याने साधी युक्ती केली. बॅलन्सच्या वरच्या बाजूला एसीचा झरोका होता. एसी थोडा वेळ बंद ठेवून त्याने तीच दहा वाचनं पुन्हा घेतली. या वेळी सगळे आकडे 200.02 ते 200.04 मध्ये आले. डेव्हिएशन 0.0067, किमान वजन सुमारे 13 मिलिग्रॅम. दोष यंत्रात नव्हता, वाऱ्यात होता. बॅलन्स झरोक्यापासून दूर हलवला आणि नव्या जागी चाचणी पुन्हा घेतली. तरी 13 चा आकडा त्या एका सकाळचा आहे, दाराची उघडझाप होत असतानाचा नाही, हे ध्यानात घेऊन आम्ही दुपटीची सुरक्षा ठेवली आणि 27 मिलिग्रॅम ही बॅलन्सवर चिकटवायची मर्यादा ठरवली. मानकासाठी 20 ऐवजी 40 मिलिग्रॅम 100 मिलिलिटरमध्ये घेऊ लागलो. द्रावणाची तीव्रता तीच राहिली.

मग कॉर्नर टेस्ट निरुपयोगी होती का? नाही, पण तिचा उपयोग आम्ही समजलो होतो तो नव्हता. 100 ग्रॅमवर 0.05 टक्के मर्यादा म्हणजे तब्बल 50 मिलिग्रॅम. आमच्या बॅलन्सचा बाजूचा फरक 0.2 मिलिग्रॅम होता, म्हणून ती दररोज सहज पास होई. हा फरक भाराच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे 20 मिलिग्रॅमच्या पदार्थावर तो नगण्य. पण 50 ग्रॅमचा फ्लास्क टेअर करून बाहेर काढला, पावडर घातली आणि परत ठेवताना तो मध्याऐवजी बाजूला टेकला, तर फरक 0.1 मिलिग्रॅम, आणि 20 मिलिग्रॅमवर तो अर्धा टक्का. सहनमर्यादेच्या पाचपट! फ्लास्क जागचा हलला नसता, तर हीच चूक दोन्ही वाचनांत सारखी येऊन आपोआप वजा झाली असती. तेव्हापासून टेअर केलेलं भांडं आम्ही हलवत नाही, आणि हलवावंच लागलं तर पॅनच्या मध्याशी जुळवून ठेवतो. लिनिॲरिटीचंही तसंच: ती दोनशे ग्रॅमच्या प्रवासातली वक्रता दाखवते, पण 40 मिलिग्रॅमच्या एवढ्याशा पावलात तिचा वाटा कुठे दिसत नाही.

ऑडिटच्या वेळी एक जुना गैरसमजही दूर करावा लागला. कोणी तरी म्हणे, फ्लास्क 50 ग्रॅमचा आहे, मग किमान वजनाची अट पूर्णच झाली. अट लागते ती निव्वळ पदार्थाला, भांड्याला नाही. उलट जड भांडं ठेवल्यावर विखुरणं वाढू शकतं, म्हणून तेच भांडं पॅनवर ठेवून दहा नोंदी घेणं अधिक खरं उत्तर देतं.

पुढच्या वर्षांत आम्ही लॉगबुकाची रचनाच बदलली. रोज सकाळी एका वजनाने बॅलन्स ठीक वाचतोय ना, एवढंच बघायचं. कॉर्नर आणि लिनिॲरिटी ठरावीक मुदतीने. आणि दहा नोंदींची चाचणी नियमित, शिवाय बॅलन्स हलवला, एसीची दिशा बदलली, टेबल बदललं की लगेच. त्या 2014 च्या पानावर अजूनही दोन ओळी एकाखाली एक आहेत: 0.017 आणि 0.0067. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त हवेचा झोत वेगळा. बॅलन्सवर लिहायचं किमान वजन यंत्रापुरतं नसतं, ते त्याच्या जागेचंही असतं, हे मला त्या दोन ओळींनी शिकवलं.