पनीरच्या पाण्यात किती प्रथिनं उरतात?

पनीर केल्यावर उरलेलं हिरवट पिवळं पाणी, म्हणजे निवळी, मोरीत ओतताना अनेकांना वाटतं की प्रथिनं वाया चालली. पण नीट केलेल्या पनीरमध्ये दुधातली जवळजवळ सगळी प्रथिनं पनीरमध्येच येतात.

हिशेब करून पाहू. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांतलं सुमारे ८० टक्के केसीन आणि उरलेली निवळीतली प्रथिनं. नुसत्या आंबटाने केसीनच साकळतं, निवळीतली प्रथिनं पाण्यातच राहतात. पण दूध उकळलं की ही दुसरी प्रथिनं उलगडतात आणि केसीनला चिकटतात. मग लिंबू पिळलं की दोन्ही एकत्रच खाली बसतात. म्हणून लिटरमागे सुमारे १६० ग्रॅम पनीर निघतं, त्यात २८-२९ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि निवळीत जेमतेम ३ ग्रॅम उरतात. त्या तिनांतलाही बराच भाग खरं प्रथिन नसतो. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते, आणि त्यात दुधातला युरियाही धरला जातो.

बाजारात मिळणारी व्हे पावडर बहुतेक चीजच्या पाण्यापासून करतात. चीजसाठी दूध इतकं तापवत नाहीत, म्हणून ती प्रथिनं पाण्यात शिल्लक राहतात. आपली निवळी ही तशी नव्हे. तिच्यात मुख्यतः दुधातली साखर, क्षार आणि थोडी ब जीवनसत्त्वं असतात. तिचा तो हिरवट रंग ब-२ चा.

घरी खरं नुकसान होतं ते दूध अर्धवट फाटल्यामुळे. निवळी पारदर्शक दिसायला हवी. ती पांढुरकी, दुधाळ असेल तर केसीन अजून तिच्यातच आहे असं समजावं. अशा वेळी गाळायची घाई करू नये. मंद आचेवर ठेवून लिंबाचा रस चमचा-चमचा घालत, हलक्या हाताने ढवळावं. पाणी निवळलं की थांबावं, कारण जास्त लिंबाने पनीर आंबट आणि कडक होतं. गाळायला जाडसर, बारीक विणीचं सुती कापड घ्यावं. विरळ कापडातून बारीक कण सुटतात आणि भांड्याच्या तळाशी बसलेले दिसतात.

वजनावर मात्र जाऊ नये. मऊ पनीर १८० ग्रॅम भरलं आणि तेच जास्त वेळ दाबून १५० झालं, तर गेलं ते पाणी. प्रथिनं जवळपास तेवढीच राहिली. शंभर ग्रॅममागचा आकडा तेवढा वाढला. म्हैशीच्या दुधात प्रथिनं मुळातच जास्त, म्हणून त्याचं पनीरही जास्त निघतं.

निवळी कणकेत किंवा आमटीत जरूर घाला, चवीला छान लागते. पण प्रथिनांसाठी पनीरच खा.