सीटच्या फोममध्ये मुरलेला वास

गाडीत उलटी झाली किंवा दूध सांडले की डाग कापडावर दिसतो, वास मात्र बहुतेक वेळा कापडाखालच्या फोममधून येतो. दुधातल्या साखरेवर जिवाणू पोसले जातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल होते. दुधातली चरबी फुटली की ब्युटिरिक आम्ल सुटते. खवट लोण्याला येणारा वास त्याचाच. उलटीतही हे आम्ल असते आणि सोबत जठरातले आम्ल व अर्धवट पचलेले अन्न. त्यामुळे दोन्हींवर उपाय एकच आहे: द्रव जितका खोल गेला तितक्या खोल साबणाचे पाणी पोचवायचे आणि ते सगळे परत बाहेर काढायचे. नुसता सुगंधी फवारा मारला तर फोममधला आंबूसपणा जागच्या जागी राहतो आणि त्यात अत्तराचा वास मिसळून डोके दुखते.

समजा, गणपतीला मुंबईहून कोकणात जाताना घाटातल्या वळणांवर मुलाने मागच्या सीटवर उलटी केली आणि त्या गडबडीत पेलाभर दूधही सांडले. गाडी सुरक्षित जागी थांबवून आधी घट्ट भाग जाड कागदाने किंवा पुठ्ठ्याने उचलून घ्यावा. मग कोरडे फडके डागाच्या कडेकडून मध्याकडे दाबत न्यावे. घासले की द्रव पसरतो आणि आतही जातो. जवळच्या बाटलीतले थोडे साधे पाणी शिंपडून पुन्हा टिपून घ्यावे. कढत पाणी टाळावे, कारण त्याने प्रथिने गोठून धाग्यांना चिकटतात. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी, कारण उलटी पोटाच्या संसर्गानेही झालेली असू शकते.

मुक्कामी पोचल्यावर पहिले काम सीट कव्हर काढण्याचे. आपल्याकडे मूळ कापडावर रेक्झिनचे कव्हर घालण्याची पद्धत आहे. वरून पुसले की ते लख्ख दिसते, पण शिवणीतून झिरपलेले दूध कव्हर आणि सीट यांच्यामध्ये साचून राहते. कव्हर काढल्यावरच डागाचा खरा घेर कळतो.

अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर द्रव डिटर्जंट पुरतो. एन्झाइम असलेले मिळाले तर उत्तम, कारण प्रोटीएज प्रथिने तोडते आणि लायपेज चरबी. हे पाणी डागापेक्षा थोड्या मोठ्या भागावर घालून मऊ ब्रशने हलके फिरवावे. एन्झाइमला वेळ लागतो आणि ओलही लागते. म्हणून वर प्लॅस्टिक झाकून तासभर तसेच ठेवावे. नंतर पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने ते काढून घ्यावे. घरातला साधा व्हॅक्यूम ओल्यावर चालवू नये. व्हॅक्यूम नसेल तर जाड पंचाची घडी सीटवर ठेवून गुडघ्याने पूर्ण भार द्यावा, पंचा बदलावा आणि पुन्हा दाबावे. साध्या पाण्याने हेच परत करावे. पंच्यावर फेस आणि गढूळपणा येईनासा झाला की धुणे पुरे झाले.

आंबूसपणा उरलाच तर अर्ध्या लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून तो मुरवावा आणि वरच्याच रीतीने काढून टाकावा. सोडा आम्लाचे क्षार बनवतो आणि त्या क्षारांना उडून नाकापर्यंत येता येत नाही. कोरडा सोडा भुरभुरला तर तो वरच्या थरापुरताच काम करतो. धुण्याचा सोडा किंवा ब्लीच वापरू नये, कापडाचा रंग उडू शकतो. सीटखालच्या वायरींवर आणि जोडण्यांवर पाणी ओतू नये. काही सीटच्या आत एअरबॅगही असते.

पावसाळ्यात सगळ्यात अवघड भाग वाळवण्याचा. फोम दोन-तीन दिवस ओला राहिला तर बुरशीचा कुबट वास नव्याने सुरू होतो. पडवीत गाडीची दारे उघडून टेबल फॅनचा झोत सीटवर धरावा. आतला दिवा बंद करायला विसरू नये, नाहीतर बॅटरी उतरते. एसीही ओल शोषतो, पण त्यासाठी इंजिन उघड्यावरच चालू ठेवावे, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही.

कापड हाताला कोरडे लागले तरी आतली ओल कळत नाही. त्यासाठी पांढरा टिश्यू सीटवर जोरात दाबून पाहावा. मग काचा बंद करून गाडी काही तास उन्हात ठेवावी आणि दार उघडताच वास घ्यावा. सीट निर्दोष असूनही वास येत असेल तर बेल्टच्या बकलची खाच, सीटचा रूळ आणि पायाखालच्या गालिच्याखालचा थर तपासावा. दूध उतारानेच वाहते. बेल्ट पूर्ण ओढून साबणाच्या पाण्याने पुसावा आणि वाळल्यावरच आत जाऊ द्यावा.

दूध आठवडेच्या आठवडे मुरलेले असेल तर दोन-तीनदा धुऊनही उन्हात वास परततो. अशा वेळी सीट शिवणाऱ्या कारागिराकडून तेवढा फोम बदलून घेणेच बरे.