चौथ्या मॉनिटरचा नंबर

अतिदक्षता विभागातला चौथा मॉनिटर भिंतीवरच्या कंसातून सोडवून मी पालथा धरला. बायोमेडिकल तंत्रज्ञाने पाठीमागच्या लेबलवर मोबाइलचा उजेड टाकला. लेबलवर दोन नंबर होते. `REF`पुढे मॉडेलचा आणि `SN`पुढे त्या एका नगाचा. `SN`चे शेवटचे चार आकडे ०३८७. माझ्या हातातल्या कागदानुसार तिथे ०२१४ असायला हवे होते.

तो कागद म्हणजे विमा पॉलिसीला जोडलेली उपकरणांची अनुसूची, रोजच्या बोलण्यातलं ‘शेड्यूल’. आमचं रुग्णालय तालुक्याच्या गावातलं, विश्वस्त संस्थेचं. सोनोग्राफी, ईसीजी, मॉनिटर, यूपीएस अशा वस्तूंवर इलेक्ट्रॉनिक उपकरणांची पॉलिसी आहे, आणि तिचं शेड्यूल तीन पानी, ३१ ओळींचं. प्रत्येक ओळीत वस्तूचं वर्णन, नंबर आणि विमा रक्कम. प्रशासन अधिकारी मॅडमना हे सगळं एका नोंदवहीत हवं होतं. एखादं यंत्र बंद पडलं की ते पॉलिसीत कितव्या ओळीवर आहे आणि कितीला आहे, हे लगेच सापडावं म्हणून. आमच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख आणि किंमत मिळते, विम्याचं काहीच मिळत नाही.

काम नकलेचं वाटतं, पण नक्कल करता करता माणूस दुरुस्ती करायला लागतो. शेड्यूलमध्ये ‘मॉनीटर मल्टी’ असं अर्धवट छापलेलं असतं आणि आपण चांगल्या मनाने कंपनीचं नाव, मॉडेल घालून ते पुरं करतो. मग सहा महिन्यांनी पॉलिसीत नेमकं काय लिहिलं होतं आणि आपण काय घातलं, हे कुणालाच सांगता येत नाही. विमा कंपनीशी बोलताना तर पॉलिसीतलीच अक्षरं लागतात. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला दोन रकाने ठेवले: ‘शेड्यूलप्रमाणे’ आणि ‘प्रत्यक्ष लेबलप्रमाणे’. पहिल्या रकान्यात चूक दिसली तरी ती तशीच उतरवायची. शेजारी शेड्यूलचं पान आणि ओळ.

नंबर उतरवताना एक्सेल दगा देतं. एका यूपीएसचा नंबर `0047E12` होता. टाइप करून एंटर दाबलं तर रकान्यात `4.70E+13` आलं, कारण मधल्या `E`मुळे एक्सेलने त्याला मोठी संख्या समजून सुरुवातीची शून्यंही टाकून दिली. सोळा आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो आणि तो चटकन लक्षातही येत नाही. नंतर फॉरमॅट बदलून मूळ नंबर परत येत नाही. म्हणून काही लिहिण्याआधीच तो पूर्ण रकाना `Text` करून घ्यायचा. स्कॅन केलेल्या पीडीएफवरून मजकूर उचलला असेल तर `0` आणि `O`, `8` आणि `B`, `5` आणि `S` यांची अदलाबदल होते. ते डोळ्यांनी कागदाशी ताडून पाहण्यावाचून इलाज नाही.

आता मॉनिटरची ओळ. शेड्यूलमध्ये लिहिलं होतं: पेशंट मॉनिटर, ६ नग, नंबर ०२११ ते ०२१६, विमा रक्कम ५,४०,००० रुपये. बिघडतो तो एक मॉनिटर, म्हणून नोंदवहीत या एका ओळीच्या सहा नोंदी केल्या. सहाही एकाच मॉडेलचे आणि एकाच बिलावरचे असल्यामुळे रकमेचे सारखे भाग करता आले. पण ‘आपण विभागली’ असा शेरा मारला, कारण पॉलिसीत फक्त एकूण रक्कम आहे. सोनोग्राफी मशीनची ओळ ‘तीन प्रोबसह’ होती. प्रत्येक प्रोबचा नंबर वेगळा असतो, म्हणून त्यांच्या तीन नोंदी वाढवल्या. त्यांची किंमत मात्र अंदाजाने फोडली नाही. रकमेच्या जागी ‘मशीनमध्ये समाविष्ट’ एवढंच लिहिलं. अशा ३१ ओळींच्या ३९ नोंदी झाल्या.

मग बेरीज. शेड्यूलच्या शेवटी एकूण विमा रक्कम ८६,४०,००० छापलेली, माझी आली १,२७,००,०००. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ ४१,५०,००० होते आणि तेही मी एक वस्तू म्हणून उतरवले होते. ती नोंद काढली. उरले ८५,५०,०००, म्हणजे ९०,००० कमी. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की जुने हिशेबनीस आधी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का ते बघतात. तेच झालं होतं. ५,४०,०००च्या जागी मी ४,५०,००० लिहिले होते आणि त्याचे सहा भाग करून प्रत्येक मॉनिटरपुढे ७५,००० मांडले होते. ७५,००० हा आकडा इतका साजरा दिसतो की नुसतं वाचून ती चूक कधीच सापडली नसती. अर्थात बेरीज जुळली म्हणून सगळं बरोबर असंही नाही. दोन वस्तूंच्या रकमा एकमेकींच्या जागी गेल्या तरी बेरीज जुळतेच. त्यासाठी दुसऱ्या माणसाने शेड्यूल मोठ्याने वाचायचं आणि आपण नोंदवहीवर बोट ठेवायचं.

विमा रकमेच्या रकान्यात नेमका कोणता आकडा, यावर मॅडमशी बरंच बोलणं झालं. ताळेबंदात घसारा वजा जाता उरलेली किंमत असते, ती इथे चालत नाही. या प्रकारच्या पॉलिसीत विमा रक्कम म्हणजे तसंच, तेवढ्याच क्षमतेचं नवं यंत्र आज घ्यायला लागणारी किंमत, वाहतूक आणि बसवण्याच्या खर्चासकट. आमची सोनोग्राफी १८ लाखांना नोंदलेली आहे. तसं नवं मशीन आज २४ लाखांना पडत असेल, तर विमा तीन चतुर्थांशच आहे. एखाद्या दुरुस्तीचा खर्च दोन लाख आला तर त्याच प्रमाणात दीड लाख धरले जातात आणि त्यातून आपण सोसायची ठरलेली रक्कम आणखी वजा होते. तरीही नोंदवहीत मी १८ लाखच ठेवले. आजच्या किमतीसाठी शेजारी वेगळा रकाना केला आणि पुरवठादाराच्या लेखी कोटेशनची तारीख टाकली. नूतनीकरणाच्या वेळी मॅडमना हे दोन रकाने शेजारी शेजारी लागतात.

नोंदवही पुरी झाली होती, तरी मॅडमनी लेबलं पाहायला पाठवलं. ०२११ पासून ०२१६ पर्यंतची ती सरळ रांग त्यांना खटकली होती.

सर्व्हिस रिपोर्टांची फाइल काढली तेव्हा उलगडा झाला. चौथा मॉनिटर वॉरंटीत असताना पुरवठादाराने बदलून दिला होता. पैसे द्यावे लागले नाहीत, म्हणून बिल नाही. बिल नाही, म्हणून डेडस्टॉकला नोंद नाही आणि विमा कंपनीला पत्रही नाही. उद्या तो पडून फुटला असता, तर सर्व्हेअरने लेबलचा फोटो घेऊन हा नंबर पॉलिसीत दाखवा म्हटलं असतं. त्या वेळी काढलेलं पत्र आणि आज काढलेलं पत्र यांत फार फरक आहे.

मॅडमनी त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिलं. सोबत बदलीचा सर्व्हिस रिपोर्ट आणि लेबलचा फोटो. यथावकाश एंडॉर्समेंट आलं, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा अधिकृत कागद. नोंदवहीत मी ०२१४ खोडलं नाही. त्याच्याखाली एंडॉर्समेंटचा क्रमांक, तारीख आणि ०३८७ लिहिलं. आता उरलेल्या यंत्रांची लेबलं पाहायची आहेत. सोनोग्राफीचे प्रोब आधी.