शिकवण्यात गेलेले तास

मार्च संपत आला की कारखान्यात अप्रेझलचे फॉर्म फिरू लागतात. समजा, सीएनसी विभागातल्या एका अनुभवी सेटरचा फॉर्म साहेबांसमोर आहे. वर्षाचं लक्ष्य ४८० सेटिंगचं, झाली ४१०, म्हणजे ८५ टक्के. शेरा ठरल्यासारखाच पडतो: ‘कामाचा वेग वाढवावा.’

याच सेटरच्या हाताखाली एप्रिलमध्ये तीन नवी मुलं दिली होती, हे फॉर्मवर कुठेच नाही. ऑफसेट टाकताना अधिक-उणे चुकलं तर टूल जॉबमध्ये घुसतं. स्वतः टाकलं तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण हा माणूस मुलाला आकडा टाकायला लावतो, हात मागे बांधून उभा राहतो आणि सायकल स्टार्टचं बटण दाबण्याआधी विचारतो, “वाच बरं, काय टाकलंस?” पाच मिनिटं जातात.

माझ्या मते इथे वेगळे बोनस गुण देण्याआधी लक्ष्य दुरुस्त करायला हवं. प्रत्येक मुलामागे रोज ४० मिनिटं धरली तर तिघांचे दोन तास होतात, म्हणजे आठ तासांच्या पाळीचा चौथा हिस्सा. पहिल्या सहा महिन्यांचं २४०चं लक्ष्य १८०वर येतं. पुढे मुलं सावरतात. तेव्हा रोजचा अर्धा तास वजा केला की उरलेल्या सहामाहीचे २२५ होतात. एकूण ४०५. त्याने ४१० केली आहेत. तो मागे नव्हताच. मात्र हा हिशोब एप्रिलमध्येच दोघांनी बसून लिहून ठेवावा. मार्चमध्ये मांडला तर ती सबब वाटते, आणि साहेबांनाही शेवटचे दोन महिनेच आठवत असतात.

एवढ्याने फक्त वेळेचा हिशोब लागला. शिकवलं कसं, हे भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्सवरून कळतं. त्यात देखरेखीखाली काम करणारा आणि एकट्याने करणारा असे वेगळे स्तर असतात. एप्रिलचा तक्ता मार्चच्या तक्त्याशेजारी ठेवावा. पण स्तर भरणारा बहुतेकदा शिकवणाराच असतो, म्हणून नुसत्या तक्त्यावर विसंबू नये. सेटर रजेवर असतानाच्या पाळ्या काढून पाहाव्यात. पहिला पीस क्वालिटीकडून पास झाला का? की दर तासाला त्याला घरी फोन गेला? काही सीनिअर सगळं आपल्याच हातात ठेवतात. मुलं त्यांची तोंडभरून स्तुती करतात, पण एकटी पडली की अडतात. म्हणून मुलांना “दादा कसे शिकवतात?” असं विचारण्यापेक्षा, “एप्रिलमध्ये येत नव्हतं असं आता एकट्याने काय करतोस?” असं विचारावं.

तिघांतला एक मुलगा मधेच नोकरी सोडून गेला, तर त्याच्यामागे गेलेले तास कापू नयेत. ते सेटरने दिलेलेच आहेत.