हजेरीपटाची साक्ष

१९२४ साली मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्याच साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग उघडले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध कोणी जोडल्याचे आढळत नाही. परंतु आज सातारा-सांगलीच्या मुलुखातील एखादे मूल कायद्याच्या कचाट्यात सापडून बाल न्याय मंडळापुढे उभे राहते, तेव्हा त्याच्या दप्तरात अपराधाची हकीकत सविस्तर आणि शाळेची हकीकत एका ओळीत असते. त्यामुळे हे दोन विषय अलग ठेवून आपण मोठीच गल्लत केली, असे मानावेसे वाटते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाला चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते आणि कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळावर एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. त्यांच्या हुकमाने परिविक्षा अधिकारी पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल सादर करतो. घर, संगत, सवयी, कमाई यांच्या रकान्यांबरोबरच ‘शाळा का सोडली’ असाही रकाना त्या नमुन्यात असून, नापास होणे, गोडी नसणे, कमाईची निकड, शाळेतला अपमान, मारहाण, शिक्षणाचे अपरिचित माध्यम अशी कारणे तेथे छापलेलीच असतात. प्रत्यक्षात बहुधा ‘गोडी नाही’ या शब्दांपुढे खूण होते आणि अधिकारी पुढच्या पानाकडे वळतो.

बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याचीच मनाई असल्यामुळे येथे एक कल्पित मुलगा घेऊ. त्याची परिस्थिती मात्र खानापूर-आटपाडीकडच्या कोणाही शिक्षकाला ओळखीची वाटेल. बाप सोन्याचांदीच्या गलाईसाठी तमिळनाडूत, आई व धाकटी बहीण त्याच्याजवळ, मुलगा गावी आजी-आजोबांकडे. वय साडेसोळा, बाविशी-तेविशीच्या दोन इसमांबरोबर तीन मोटारसायकली चोरून विकल्याचा आरोप. पोलिसांच्या कागदात कारण दिलेले असते : ‘वाईट संगत’.

पहिला प्रश्न वयाचा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. आपल्याकडे गुरुजींनी शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी घातलेल्या या तारखेने किती पिढ्या जन्मल्या, हे सांगणे कठीण. कायदा शाळेच्या दाखल्यालाच अग्रमान देतो, तो नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला पाहतो, आणि दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय तपासणीकडे वळतो. चोरीच्या आरोपात सोळा की सतरा याने विशेष फरक पडत नाही. परंतु किमान सात वर्षांची शिक्षा असलेला अघोर अपराध असता, तर सोळा वर्षांवरील मुलाच्या मानसिक-शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढांप्रमाणे न्यायालयात पाठवायचे की नाही हे मंडळाला ठरवावे लागले असते, आणि गुरुजींच्या त्या सोयीच्या तारखेवर एका आयुष्याची दिशा अवलंबून राहिली असती.

आता हजेरीपट. प्रत्येक शाळेतून जनरल रजिस्टरची नोंद, निकालपत्रके आणि महिनावार हजेरी मागवून ती एका कागदावर तारखेच्या क्रमाने मांडावी, व शेजारी घरातील आणि फिर्यादीतील घटना लिहाव्यात. (शाळेत जाताना मुलाचे प्रकरण सांगू नये, केवळ हजेरीची चौकशी म्हणावी.) आपल्या मुलाच्या कागदावर असे दिसते की, तो तिसरीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत नियमित होता, चौथी-पाचवी बापाकडे परक्या भाषेत काढली, सहावीला परतल्यावर वयाप्रमाणे वर्गात बसला आणि आठवीपर्यंत वर चढत गेला. नववीत दिवाळीपर्यंत हजेरी बरी, मग आजोबांना मिरजेच्या इस्पितळात ठेवल्यामुळे तीन आठवडे गैरहजर. परतल्यावर आठवड्यात दोन-तीन दिवस, आणि जानेवारीत नाव ‘सतत गैरहजर’. गॅरेजवर तो लागला फेब्रुवारीत, ते दोघे इसम त्याला भेटले गॅरेजवरच, आणि पहिली चोरी एप्रिलमधली. म्हणजे संगतीने शाळा सुटली नाही; शाळा सुटल्यावर संगत लाभली.

मग मुलापुढे चौथीच्या पुस्तकातला उतारा ठेवावा. तो अक्षरे जुळवीत वाचतो, हातच्याची वजाबाकी अडते. रजा संपवून परतल्यावर उभे करून धडा वाचायला लावला आणि वर्ग हसला, हे तो चौथ्या भेटीत सांगतो, पहिल्या भेटीत नाही. म्हणून एका बैठकीत उरकलेला अहवाल सहसा निरुपयोगी ठरतो. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी जिल्हा रुग्णालयात करून घ्यावी, कारण फळा न दिसणाऱ्या मुलालाही ‘गोडी नाही’ हेच कारण लावलेले पुष्कळदा दिसते.

धोक्याचे घटक मोजताना बदलता न येणारे आणि बदलता येणारे असा भेद करावा लागतो. पहिल्या अपराधाचे वय, बापाचे परगावी असणे हे पहिल्या प्रकारचे. वाचनातील मागासलेपण, रिकामे दिवस, प्रौढ साथीदार, गुटखा हे दुसऱ्या प्रकारचे, आणि योजना दुसऱ्यांवरच बांधता येते. गरिबी हा स्वतः धोक्याचा घटक नव्हे. ‘घरची परिस्थिती बेताची’ हे वाक्य ज्या अहवालात आहे तो बहुधा घराच्या उंबऱ्याबाहेरच लिहिला गेला, असे खुशाल समजावे. न्यूझीलंडमधील डनेडिनच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दाखविले की, कुमारवयातच सुरू होऊन त्या वयाबरोबर ओसरणारे वर्तन आणि बालपणापासून चिकटलेले वर्तन या दोन निराळ्या गोष्टी होत. आपल्या मुलाबाबत तिसरीपर्यंतच्या शिक्षकांकडे मारामारीची वा चोरीची एकही आठवण नसणे, हे म्हणून मौल्यवान. जमेच्या बाजूला आणखी दोन गोष्टी येतात : यंत्रावर बसलेला हात, आणि ज्याला तो अजून भितो व मानतो असा तालमीतला वस्ताद. मात्र वस्तादाला प्रत्यक्ष भेटून त्याची तयारी विचारल्याविना त्याचे नाव योजनेत घालू नये.

अहवालात अपराधाची कबुली गोळा करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. अधिकारी तपासणीस आहे, फौजदार नव्हे. तो मोह आवरला, तर एक महत्त्वाची गोष्ट दिसू लागते : मुलाला अवैध कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड सांगणारे कलम ८३ त्याच अधिनियमात आहे, आणि त्या दोघा इसमांविरुद्ध ते लावण्याचा विचार व्हावा, असे अहवालात नोंदविता येते.

आरोप सिद्ध झाला तर मुलाला विशेष गृहात पाठविण्याऐवजी सदाचरणाच्या अटीवर परिविक्षेवर घरी सोडण्याचा मार्ग मंडळाला मोकळा असतो. त्याची वैयक्तिक काळजी योजना अशी लिहावी की तिच्या प्रत्येक ओळीपुढे माणूस आणि तारीख येईल : निदान वर्षभर आईने बहिणीसह गावी राहावे, पहिले तीन महिने गावच्याच निवृत्त शिक्षकाकडे वाचन आणि हिशेब, गॅरेज बदलून कारागिराच्या दुकानी दुपारचे काम, सायंकाळी तालीम. आठवी उत्तीर्ण असल्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम त्याला खुला असतो, पण वाचन सुधारण्यापूर्वी तेथे पाठविणे म्हणजे दुसऱ्या वर्गात दुसरे हसे करून घेणे होय. दहावी पुढे सतरा नंबरच्या अर्जाने बाहेरून देता येईल. पहिले तीन महिने पंधरवड्याने, नंतर महिन्याने प्रगतीची नोंद करावयाची असते. भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही रीत मुळातच या जातीची आहे. ती अशा मुलापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न या मुलुखातील शिक्षणसंस्थांनी स्वतःला विचारावा.

योजना फसत आहे हे अपराधाने नव्हे, हजेरीने कळते. मुलगा आठवड्यात दोनदा वाचनाला आला नाही, आई परत तमिळनाडूला गेली, गुटख्याला पैसे कोठून येतात ते सांगता येईना, की त्याच आठवड्यात भेट घ्यावी. पंधरवड्याची वाट पाहू नये. कलम २४ प्रमाणे या प्रकरणाची अपात्रता त्याला पुढे चिकटत नाही, आणि साधारणतः अपिलाची मुदत संपल्यावर कागद नष्ट करावयाचे असतात. पोलीस ठाण्याचा दाखला मागणाऱ्या मालकाला हे समजावण्याचे काम अधिकाऱ्यानेच केले पाहिजे.

मुख्याध्यापकांना एक विनंती. नववीतले मूल सलग दहा दिवस आले नाही, तर हजेरीपटावर ‘गै’ लिहून न थांबता कारणही शेऱ्याच्या रकान्यात लिहावे, आणि परिविक्षा अधिकारी ते पुस्तक मागावयास आल्यास संपूर्ण द्यावे.