महागाईच्या धक्क्याची किंमत

एखाद्या शेअरकडून वर्षाला किती परताव्याची अपेक्षा ठेवणं रास्त आहे? १९६०च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांनी याचं उत्तर एकाच आकड्यात बसवलं होतं: बाजार एक टक्का हलला की हा शेअर किती हलतो, ते पाहा. स्टीफन रॉस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाला हे अपुरं वाटलं. बाजार स्वतः हलतो तो कशामुळे? त्याला हलवणारी कारणं अनेक आहेत आणि प्रत्येक कंपनीला प्रत्येक कारणाची झळ सारखी बसत नाही. १९७६ मध्ये त्याने मांडलेला ‘आर्बिट्राज प्रायसिंग’ सिद्धांत या कारणांना, म्हणजे घटकांना, वेगवेगळं मोजतो.

इथे मोजायचा असतो तो अनपेक्षित धक्का. महागाई पाच टक्के राहील असं सगळ्यांनी धरलं होतं आणि ती पाचच राहिली, तर शेअर त्या कारणाने हलणार नाही; ती पाच टक्के भावात आधीच जमा असते. ती सहा झाली, तर वरचा एक टक्का हा धक्का. त्या एका टक्क्याने शेअरचा परतावा अर्धा टक्का घटत असेल, तर त्याची महागाईबाबतची संवेदनशीलता उणे ०.५.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. तीन घटक धरू: औद्योगिक उत्पादन, महागाई, आणि कर्जबाजारातला विश्वास, म्हणजे कमी पतीच्या रोख्यांनी सरकारी रोख्यांपेक्षा किती जास्त परतावा दिला. कंपनीची संवेदनशीलता अनुक्रमे ०.९, उणे ०.५ आणि ०.४. एकेक पूर्ण संवेदनशीलता अंगावर घेण्याबद्दल बाजार जो मोबदला देतो, तो रिस्क प्रीमियम: ४ टक्के, उणे २ टक्के आणि १.५ टक्के. बिनजोखमीचा दर ७ टक्के. मग अपेक्षित परतावा असा:

७ + (०.९ × ४) + (−०.५ × −२) + (०.४ × १.५) = १२.२ टक्के

महागाईचा प्रीमियम उणे का, इथे जरा थांबायला हवं. महागाई अचानक भडकली की बहुतेकांचा खिसा फाटतो. नेमका त्याच वेळी वधारणारा शेअर म्हणजे विम्याची पॉलिसीच. तिच्यासाठी लोक कमी परतावाही चालवून घेतात. आपली कंपनी उलट वागते, महागाईत तीही घसरते. म्हणून तो धोका पत्करणाऱ्याला एक टक्का जादा मिळायला हवा. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, त्यामागे एवढा माणसांचा व्यवहार आहे.

पण १२.२च का, १५ का नाही? सिद्धांताचा गाभा या प्रश्नात आहे. एकेका घटकाशीच बांधलेले तीन संच बाजारात रचता येतात असं समजा. त्यांचा परतावा ११, ५ आणि ८.५ टक्के, म्हणजे सात अधिक ज्याचा त्याचा प्रीमियम. एक लाखातून पहिल्या संचात ९० हजार घाला, दुसरा ५० हजारांचा शॉर्ट करा, म्हणजे उसना घेऊन विका, तिसऱ्यात ४० हजार आणि बिनजोखमीच्या रोख्यात २० हजार. या जुळणीला प्रत्येक धक्का आपल्या शेअरइतकाच लागतो आणि अपेक्षित मिळकत १२,२०० रुपये. शेअर खरोखर १५ टक्के देणार असेल, तर जाणकार ही जुळणी विकून त्या पैशात शेअर घेतील. घरचा रुपया न घालता लाखामागे अपेक्षित २,८०० रुपये, आणि तिन्ही धक्के परस्पर फिटलेले. अशी खरेदी वाढली की भाव चढतो आणि चढ्या भावाने घेणाऱ्याचा अपेक्षित परतावा उतरत उतरत १२.२ कडे येतो.

एका शेअरवर मात्र हा हिशेब काटेकोर बसत नाही. कारखान्याला आग लागली, हिशेबात घोटाळा निघाला, तर तो फटका कुठल्याच संचाने फिटत नाही. असे अनेक शेअर एकत्र घेतले की हे खासगी धक्के एकमेकांत विरतात. सूत्राचा खरा आधार असा विस्तृत संच आहे.

दुसरी मेख मोजमापात आहे. संवेदनशीलता जुन्या मासिक परताव्यांवरून काढतात. त्या ०.९ भोवती ०.३ ची प्रमाण त्रुटी असेल, तर एवढ्यानेच उत्तर १.२ टक्के इकडेतिकडे सरकतं. १२.२ मधल्या दशांशावर विसंबून शेअर स्वस्त की महाग ठरवू नये.

आणि घटक कोणते, हे सिद्धांत सांगतच नाही. १९८६ मध्ये चेन, रोल आणि रॉस यांनी अमेरिकी बाजारासाठी उत्पादन, महागाई, कर्जातली जोखीम आणि लांब व कमी मुदतीच्या व्याजातला फरक तपासले. आपली यादी पुरी आहे का, याची एक कसोटी आहे: घटकांचा परिणाम वजा केल्यावर शेअरच्या परताव्यात जे उरतं ते पाहायचं. पाच-सहा पोलाद कंपन्यांचे हे उरलेले आकडे एकाच महिन्यात एकदम वर, एकदम खाली जात असतील, तर त्यांना सामाईक असा एखादा घटक यादीतून सुटला आहे.